पंपांच्या एएमसीचं नूतनीकरण: सोसायटीला मेल कसा लिहावा

पंप आणि पॅनेलची देखभाल करणाऱ्या कंपनीत सर्व्हिस को-ऑर्डिनेटर म्हणून नव्याने रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, संपत आली की सोसायटीला मेल पाठवायचं काम साधारणपणे तुमच्याकडेच येतं. जुना मेल उघडायचा, तारीख आणि रक्कम बदलायची आणि पाठवून द्यायचा, हा सोपा रस्ता. त्या मेलमध्ये बहुतेक वेळा ‘आपला करार संपत आहे, कृपया लवकरात लवकर नूतनीकरण करावे, अन्यथा सेवा खंडित होईल’ एवढंच असतं. सेक्रेटरी ते वाचतात आणि त्यांना दोनच गोष्टी कळतात: पैसे मागितलेत आणि घाई चालली आहे. वर्षभर काय काम झालं, ते कुठेच नसतं.

समजुतीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. ठाण्यात घोडबंदर रोडवरची एक सोसायटी धरा. तीन विंग, 168 फ्लॅट. प्रत्येक विंगला जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारे 7.5 एचपीचे दोन मोनोब्लॉक पंप, म्हणजे एकूण सहा. तीन कंट्रोल पॅनेल. शिवाय बेसमेंटच्या खड्ड्यातलं पावसाचं पाणी उपसणारा 2 एचपीचा एक सबमर्सिबल. करार 1 जून ते 31 मे. रक्कम ₹54,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे ₹63,720. महिन्याला एक नियमित भेट आणि तक्रार आल्यापासून चार तासांत माणूस पोहोचणार, अशी अट. सुटे भाग करारात नाहीत, त्यांचं बिल वेगळं.

पहिली पायरी: लिहायला बसण्याआधी रजिस्टर

मेलचा मजकूर सर्व्हिस रिपोर्टच्या चोपडीतून येतो, म्हणून करार संपण्याच्या दोन महिने आधी वर्षभराचे सगळे रिपोर्ट समोर घ्या. नियमित भेटी आणि तक्रारीवरून झालेल्या भेटी असे दोन गठ्ठे करा. इथे पहिली चूक होते ती मोजण्यात. समजा ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षात 14 तक्रारी दिसतात. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये मात्र तुमचा माणूस तक्रारीवरून आल्याच्या नोंदी नऊच आहेत. फरक कशाचा? पंप ऑपरेटरने सकाळी फोन केला, दुपारी ‘माणूस निघाला का’ म्हणून पुन्हा केला, आणि ऑफिसमध्ये दोन्ही वेळा नवी तक्रार नोंदली गेली. मेलमध्ये ‘14 तक्रारी सोडवल्या’ असं लिहिलंत आणि कमिटीतल्या एखाद्याने गेटचं रजिस्टर काढलं, तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. शिवाय 14 हा आकडा ऐकून ‘एवढे बिघाड का झाले?’ असाच प्रश्न येणार. म्हणून सोसायटीच्या मॅनेजरला फोन करा, गेटच्या नोंदींच्या तारखा मागून घ्या आणि आपल्या रिपोर्टशी जुळवा. ज्या भेटीच्या रिपोर्टवर सोसायटीच्या माणसाची सही नाही, ती मेलमध्ये मोजू नका.

जुळवणी झाली की नऊ तक्रारी कारणांप्रमाणे लावा. आपल्या उदाहरणात चार वेळा पॅनेल ट्रिप झालं होतं. त्यांतल्या दोनदा बाहेरून येणाऱ्या वीजपुरवठ्याचा एक फेज गेला होता आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरने मोटर बंद ठेवली, म्हणजे पॅनेलने आपलं काम चोख केलं. एकदा कॉन्टॅक्टर खराब, एकदा टर्मिनल सैल. दोनदा पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर खालची टाकी रिकामी झाली, सक्शनमध्ये हवा शिरली आणि पंप फिरत असूनही पाणी चढेना. प्रायमिंग करून, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढून, चालू केलं. दोनदा मेकॅनिकल सील गळलं. एकदा फ्लोट स्विच अडकला. बेरीज नऊ.

ही वर्गवारी मेलमध्ये जशीच्या तशी जाणार नाही, पण तुम्हाला ती हवी. नऊपैकी चार तक्रारींचं मूळ बाहेर होतं: दोन विजेच्या, दोन पाण्याच्या शटडाऊनच्या. ठाण्याला पाणी महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून येतं, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या भागात शटडाऊन असतोच. हे माहीत असलं की कमिटीच्या बैठकीत ‘पंप सारखे बिघडतात’ असं कोणी म्हणालं तर तुमच्याकडे तारखांसह उत्तर असतं. मेलमध्ये मात्र बाहेरच्यांवर बोट ठेवायला जाऊ नका. ते सबब सांगितल्यासारखं वाचलं जातं.

दुसरी पायरी: एकच काम नीट दाखवा

ग्राहकाला मिळालेला फायदा दाखवायचा म्हणजे विशेषणं वाढवायची, असं नव्या माणसाला वाटतं. ‘तत्पर’, ‘दर्जेदार’, ‘सातत्यपूर्ण’ हे शब्द प्रत्येक कंपनीच्या मेलमध्ये असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. त्यापेक्षा वर्षातलं एक काम निवडा, ज्यात नियमित भेटीमुळे काहीतरी वेळेत सापडलं, आणि ते तीन वाक्यांत मांडा.

आपल्या उदाहरणात ते बी विंगच्या पंप क्रमांक 2 चं आहे. ऑगस्टमध्ये त्याचं सील गळलं, बदललं. सील गळतं तेव्हा पाणी शाफ्टवरून मोटरच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत जाऊ शकतं आणि आतलं ग्रीस धुऊन काढतं. बेअरिंग लगेच जात नाही. आधी आवाज करायला लागतं, मग मोटर जास्त करंट घेते. सप्टेंबरच्या नियमित भेटीत टेक्निशियनने क्लॅम्प मीटर लावला तर 11.6 अँपिअर दिसले. मोटरच्या नेमप्लेटवर 10.8 आहेत. आवाजही येत होता. दोन्ही बेअरिंग बदलली आणि रीडिंग 10.3 वर आलं. पाणी वर चढतच होतं, त्यामुळे रहिवाशांना यातलं काहीच कळलं नाही.

आता मोह होतो तो हा: ‘यामुळे मोटर जळण्यापासून वाचली आणि आपले हजारो रुपये वाचले.’ असं लिहू नका. मोटर जळलीच असती, हे सिद्ध करता येत नाही आणि कमिटीत एखादा इलेक्ट्रिकल इंजिनिअर असतोच. 11.6, 10.8 आणि 10.3 हे तीन आकडे लिहा आणि थांबा. ज्याला कळतं तो स्वतःच निष्कर्ष काढतो, आणि ज्याला कळत नाही तो त्यालाच विचारतो. दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षाचं वजन आपण केलेल्या दाव्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

यासाठी रिपोर्टमध्ये रीडिंग असायला हवं, हे उघड आहे. ‘पंप चेक केला, ओके’ एवढंच लिहिलेले बारा रिपोर्ट असतील तर मेलमध्ये लिहायला काहीच उरत नाही. असं वर्ष हाती आलं तर यंदा जे आहे तेवढंच लिहा आणि पुढच्या महिन्यापासून प्रत्येक पंपाचे आर, वाय, बी तिन्ही फेजचे अँपिअर लिहून घ्यायला सुरुवात करा.

तिसरी पायरी: चुकलेलं कुठे लिहायचं

वर्षभरात काहीतरी चुकलेलं असतंच. इथे नोव्हेंबरची भेट दिवाळीच्या सुट्टीमुळे नऊ दिवस उशिरा झाली. आणि जुलैत मुसळधार पावसाच्या एका दिवशी तक्रारीला पोहोचायला चार तासांऐवजी सहा तास चाळीस मिनिटं लागली. या दोन्ही गोष्टी मेलमध्ये लिहा. सेक्रेटरींना त्या आठवतात. तुम्ही लपवल्यात तर बैठकीत त्याच दोन गोष्टींवर चर्चा होईल. लिहिताना माफीचा लांब परिच्छेद नको. एका ओळीत काय झालं, पुढच्या ओळीत त्यासाठी काय ठरवलं. नोव्हेंबरसाठी उपाय सोपा आहे: दिवाळीच्या महिन्यातली भेट सुट्टीच्या आधी ठेवायची आणि तारीख आत्ताच कळवायची. पावसाच्या दिवसासाठी खोटं आश्वासन देऊ नका. घोडबंदर रोड तुंबला तर तुमचा माणूस उडत जाणार नाही. अशा दिवशी पंप ऑपरेटरला फोनवर काय करायला सांगायचं, म्हणजे चालू पंप बंद करून स्टँडबाय कसा लावायचा, ते पॅनेलवर चिकटवलेल्या कागदावर असेल, एवढं सांगता येतं आणि करताही येतं.

चूक मेलच्या मध्यात येऊ द्या. सुरुवातीला आली तर पूर्ण मेल माफीनामा वाटतो, शेवटी आली तर तेच लक्षात राहतं.

चौथी पायरी: तारीख

सेक्रेटरी एकटे निर्णय घेत नाहीत. विषय मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत जातो, बैठक साधारण महिन्यातून एकदा होते आणि ती बहुधा रविवारी असते. अजेंडा त्याच्या आठवडाभर आधी निघतो. म्हणजे मेल अजेंड्याच्या आधी पोहोचला नाही तर विषय सरळ एक महिना पुढे ढकलला जातो. घाईचा सूर येतो तो इथूनच: मेल उशिरा गेला म्हणून.

करार 31 मेला संपतो, तर पहिला मेल 16 एप्रिलला, म्हणजे 45 दिवस आधी जाऊ द्या. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या रविवारची बैठक सापडते, आणि तिथे निर्णय झाला नाही तरी मेची बैठक हातात राहते. साठ दिवसांच्या आधी पाठवू नका. तेव्हा तो ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतो. दुसरा मेल 11 मेला, 20 दिवस आधी. त्यानंतर मेल नको. शेवटच्या आठवड्यात फोन करा, आणि तोही मॅनेजरला आधी.

मेल सेक्रेटरींच्या नावे, चेअरमन आणि खजिनदार सीसीमध्ये. सोसायटीचा मॅनेजर असेल तर त्यालाही घ्या, कारण छापील प्रत फाइलला तोच लावतो. हा मेल पुढे कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट होऊन जातो, हे लक्षात ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या पाच-सहा ओळीच येतात. म्हणून तारीख, रक्कम आणि तुम्हाला काय हवं आहे, हे सगळं त्या ओळींत बसवा.

पाचवी पायरी: विषयाची ओळ आणि मजकूर

विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’, ‘अंतिम सूचना’, ‘स्मरणपत्र’ यांपैकी काही नको. पहिल्याच मेलला स्मरणपत्र म्हटलं की जणू आधी कळवूनही त्यांनी दुर्लक्ष केलं, असा अर्थ निघतो. दोन वर्षांनी शोधलं तरी सापडेल अशी ओळ लिहा: कशाचा करार, कोणता कालावधी. आता पूर्ण मेल.

> विषय: पाण्याच्या पंपांची एएमसी – वर्षाचा आढावा आणि 1 जूनपासूनच्या कराराचा प्रस्ताव
>
> मा. सचिव महोदय,
> सस्नेह नमस्कार.
>
> आपल्या सोसायटीच्या पंप व पॅनेल देखभालीच्या कराराची मुदत 31 मे रोजी पूर्ण होत आहे. पुढील वर्षासाठीचा (1 जून ते 31 मे) प्रस्ताव सोबत जोडला आहे. रक्कम ₹57,500 अधिक जीएसटी, एकूण ₹67,850. एप्रिलच्या कमिटी बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.
>
> या वर्षीच्या कामाचा थोडक्यात आढावा:
>
> नियमित 12 भेटींपैकी 11 पूर्ण झाल्या आहेत. बारावी भेट 6 मे रोजी आहे. वर्षभरात 9 तक्रारी आल्या. त्यांपैकी 8 वेळा आमचा टेक्निशियन ठरलेल्या चार तासांच्या आत पोहोचला.
>
> सप्टेंबरच्या भेटीत बी विंगच्या पंप क्र. 2 ची मोटर 11.6 अँपिअर घेत असल्याचे आढळले (नेमप्लेटवर 10.8). बेअरिंग बदलल्यानंतर रीडिंग 10.3 आले आणि मार्चच्या भेटीतही ते तेवढेच होते. सहाही पंपांची महिनावार रीडिंग सोबतच्या तक्त्यात आहेत.
>
> नोव्हेंबरची भेट नऊ दिवस उशिरा झाली. नव्या करारात दिवाळीच्या महिन्यातली भेट सुट्टीच्या आधी होईल. तारीख प्रस्तावात दिली आहे. जुलैत पावसामुळे एका तक्रारीला 6 तास 40 मिनिटे लागली. अशा वेळी स्टँडबाय पंप कसा लावायचा, याची सूचना तिन्ही पॅनेलवर लावत आहोत.
>
> करारात नसलेल्या सुट्या भागांचे या वर्षीचे बिल जीएसटी वगळून ₹7,300 झाले. तपशील जोडला आहे.
>
> नव्या करारात एक काम वाढवले आहे: सर्व मोटरींची इन्सुलेशन तपासणी वर्षातून एकदाऐवजी दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये. रकमेतील ₹3,500 ची वाढ या तपासणीसाठी आणि टेक्निशियनच्या वाढलेल्या पगारासाठी आहे.
>
> बेसमेंटमधील सबमर्सिबलची पावसाळ्यापूर्वीची चाचणी 6 मेच्या भेटीत होईल. ती चालू करारातच येते.
>
> कमिटीला काही विचारायचे असल्यास बैठकीच्या वेळी आमचे सर्व्हिस इंजिनिअर येऊ शकतील.
>
> कळावे,
> आपली नम्र,

खाली नाव, हुद्दा आणि एकच मोबाईल नंबर. तीन नंबर दिले की नेमका कुठला लावायचा ते कळत नाही.

यातल्या सबमर्सिबलच्या ओळीकडे पुन्हा बघा. करार मेअखेर संपतो आणि ठाण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. ‘पावसाळा तोंडावर आला आहे, बेसमेंटमध्ये पाणी साचल्यास जबाबदारी आमची राहणार नाही’ हे वाक्य अशा वेळी हमखास लिहिलं जातं. ते वाचून कमिटीला वाटतं, ही मंडळी आपल्याला कोंडीत पकडतायत. उलट चाचणी चालू करारात करून देतो, असं सांगितलं की नूतनीकरणाशी तिचा संबंध उरत नाही. माणूस निवांत होतो आणि निवांत माणूस प्रस्ताव नीट वाचतो. चाचणी खरंच करा, हे वेगळं सांगायला नको: खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट उचलला जातो का, पंप आपोआप सुरू होतो का आणि पाणी उपसल्यावर बंद होतो का, एवढं तरी बघितलंच पाहिजे.

रक्कम वाढली असेल तेव्हा

₹54,000 वरून ₹57,500, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. वाढ लपवण्याचे दोन प्रकार दिसतात. एकात फक्त नवी रक्कम लिहितात, जुनी लिहीतच नाहीत. खजिनदार पहिलं काम करतात ते गेल्या वर्षीचं बिल काढण्याचं. दुसऱ्यात ‘प्रति फ्लॅट वर्षाला फक्त 404 रुपये’ असं लिहितात. गणित बरोबर आहे, 67,850 भागिले 168. पण खजिनदार फ्लॅटमागे विचार करत नाहीत, बजेटच्या एका ओळीचा विचार करतात, आणि ‘फक्त’ हा शब्द दिसला की भाव करायला सुरुवात करतात. वाढ किती रुपयांची आणि कशासाठी, हे एका वाक्यात लिहा. ‘महागाईमुळे’ हे कारण पुरेसं नाही. त्यात तुमचं स्वतःचं असं काहीच नाही. इन्सुलेशन तपासणीसारखं मोजता येणारं काम सोबत असेल तर वाढ पटते.

सुट्या भागांचे ₹7,300 लिहायला अनेक जण कचरतात. पण ती बिलं खजिनदारांच्याच फाइलमध्ये आहेत: दोन सील ₹2,900, कॉन्टॅक्टर ₹1,850, बेअरिंगची जोडी ₹1,600, फ्लोट स्विच ₹950. तुम्ही लिहिलं नाही तर बैठकीत कोणीतरी ‘एएमसी देऊनही वर पैसे घेतात’ असं म्हणणारच. तुम्ही स्वतः लिहिलंत आणि ‘करारात नसलेल्या’ हे दोन शब्द सोबत ठेवलेत तर तो मुद्दा तिथेच मिटतो. सुटे भागही धरलेला कॉम्प्रिहेन्सिव्ह करार हवा का, असाही प्रश्न यातून येऊ शकतो. त्याचा दर आधीच काढून ठेवा, पण पहिल्या मेलमध्ये दोन पर्याय देऊ नका. दोन पर्याय दिले की कमिटी कुठला घ्यायचा यावर बोलत बसते आणि विषय पुढच्या महिन्यावर जातो.

घाबरलेला सूर कुठून डोकावतो

मेल पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. ‘अन्यथा’, ‘तात्काळ’, ‘त्वरित’, ‘लवकरात लवकर’, ‘गैरसोय टाळण्यासाठी’ हे शब्द आले तर त्यांच्या जागी तारीख टाका. ‘लवकरात लवकर कळवावे’ याऐवजी ‘20 मेपर्यंत कळवल्यास 1 जूनच्या भेटीचं वेळापत्रक लावता येईल’. पहिल्या वाक्यात तुमची गरज दिसते, दुसऱ्यात काम.

घाबरण्याचा दुसरा प्रकार गोड असतो. ‘आपण आमचे अत्यंत मोलाचे ग्राहक आहात’, ‘आपल्या सहकार्याशिवाय आम्ही काहीच नाही’, आणि लगेच खाली न मागता दिलेली पाच टक्के सूट. न मागता सूट दिली की कमिटीला वाटतं, आणखी मागितली तर मिळेल. किंवा मूळ दर जास्त लावला होता. कोणी मागितली तर बोला, मेलमध्ये आधीच देऊ नका. ठळक अक्षरं, लाल रंग आणि उद्गारचिन्हंही काढून टाका. वर दिलेल्या मेलमध्ये एकही उद्गारचिन्ह नाही.

करार संपल्यानंतर काय होतं हे सांगायचं असेल तर ते दुसऱ्या मेलमध्ये, एकदाच, दरपत्रकासारखं सांगा. दुसरा मेल असा पुरतो:

> मा. सचिव महोदय,
> नमस्कार. 16 एप्रिलच्या प्रस्तावासंदर्भात हा मेल. 6 मेची भेट पूर्ण झाली. बेसमेंटच्या सबमर्सिबलची चाचणी व्यवस्थित झाली, रिपोर्ट जोडला आहे. प्रस्ताव मेच्या बैठकीत येणार असल्यास कृपया कळवावे. 31 मेपर्यंत सर्व तक्रारी चालू करारातच घेतल्या जातील. 1 जूनपासून करार नसल्यास प्रत्येक भेटीचा दर ₹1,200 अधिक जीएसटी राहील.
> आपली नम्र,

शेवटचं वाक्य वाचून कोणी घाबरत नाही, कारण त्यात एक दर आहे आणि सेवा मिळत राहणार, हेही आहे. हा दर मनाने ठोकू नका. तुमच्या दरपत्रकात असेल तोच लिहा.

जोडायचे कागद

तीनच: प्रस्ताव, वर्षभराच्या रीडिंगचा तक्ता आणि सुट्या भागांचा तपशील. तक्ता एका पानात बसवा, सहा ओळी पंपांच्या आणि बारा रकाने महिन्यांचे. ज्या महिन्यात रीडिंग घेतलं नाही तो चौकोन रिकामा सोडा. अंदाजाने भरू नका, कारण सोसायटीकडे रिपोर्टची कार्बन कॉपी असते. तिन्ही फाइलींच्या नावात सोसायटीचं नाव आणि वर्ष टाका. ‘फायनल 2’ नावाची फाइल दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सापडत नाही. कमिटीत मराठी न वाचणारे सभासद असतील तर मेल मराठीत ठेवून प्रस्ताव इंग्रजीत जोडला तरी चालतं.

उत्तर आलं की

सर्वात जास्त येणारं उत्तर म्हणजे ‘कमिटीने तीन कोटेशन मागवायचं ठरवलं आहे’. खर्च ठरावीक मर्यादेपुढे गेला तर सोसायटीला तशी पद्धत पाळावी लागते, त्यामुळे हे नाराजीचं लक्षण आहे असं धरून चालू नका. दर कमी करण्याची घाईही नको. त्याच दिवशी एक उपयोगी कागद पाठवा: करारात नेमकं काय काय येतं त्याची यादी. किती भेटी, किती पंप, किती पॅनेल, कोणती रीडिंग, प्रतिसादाची वेळ, रात्री आणि रविवारी भेट मिळते का, सबमर्सिबल धरला आहे का. बाकी दोन कोटेशनही याच यादीवर मागवता येतील, असं कळवा. बऱ्याचदा स्वस्त कोटेशनमध्ये सबमर्सिबल धरलेला नसतो किंवा भेटी बाराऐवजी चार असतात. यादी समोर असली की फरक कमिटीलाच दिसतो आणि तुम्हाला दुसऱ्याच्या कामाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही.

होकार आला तर त्याच मेलच्या उत्तरात ठरावाची तारीख विचारून घ्या आणि बिलावर तिचा उल्लेख करा. खजिनदारांना पेमेंट काढताना ती लागते. नकार आला तर 31 मेपर्यंतचं काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करा, पॅनेलच्या किल्ल्या आणि रीडिंगच्या तक्त्याची प्रत सोसायटीकडे सोपवा आणि पोच घ्या. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर त्याच सेक्रेटरींना एक साधा मेल पाठवायचा, अशी नोंद कॅलेंडरमध्ये आत्ताच करून ठेवा.